मेडिक्लेम आहे, गाडीचा विमा आहे, मग अपघात विमा वेगळा कशाला?

"ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. मिस्टरांचं एसी आणि फ्रिज रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, महिन्याला खर्च जाऊन चाळीसेक हजार सुटतात. चौघांचा मिळून १० लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यांचा ५० लाखांचा टर्म प्लॅन आहे, बँकेतून दरवर्षी २० रुपये अपघात विम्याचे कटतात आणि गाडीच्या विम्यात १५ लाखांचं पीए, म्हणजे पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर आहे असं कागदावर लिहिलंय (गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, चालवतात हे). आता एजंट म्हणतात अजून एक पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी घ्या. एवढं सगळं असताना अजून कशाला? की ते कमिशनसाठी मागे लागलेत? मी घरीच असते, दुकानाचा हिशोब बघते."

---

ताई, तुमचे एजंट यावेळी बरोबर सांगतायत. आता सगळा हिशोब तुमच्याच घराचा मांडते, ऐकायला बरं वाटणार नाही पण दुसऱ्या कुणाचं उदाहरण घेतलं की नीट लक्षात येत नाही, म्हणून.

धरून चला की मिस्टर दुसऱ्या मजल्यावर आउटडोअर युनिट उतरवताना शिडीवरून घसरले आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. ऑपरेशन, आत प्लेट आणि स्क्रू, पाच दिवस अॅडमिट, बिल १ लाख ८० हजार. मेडिक्लेम यातलं बहुतेक सगळं देईल, आत बसवलेली प्लेट धरून, आणि पॉलिसी अगदी नवी असली तरी अपघाताला पहिले ३० दिवस थांबायची अट लागत नाही. ग्लोव्हज, फाइल चार्ज असलं किरकोळ तुमच्या खिशातून जाईल. इथपर्यंत ठीक. पण डॉक्टर घरी सोडताना सांगतात की सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, मग वॉकर, मग फिजिओ, आणि शिडीवर चढायला चार महिने तरी विसरा. म्हणजे १६ आठवडे. दुकानाचं भाडं चालू, हाताखालच्या पोराचा पगार चालू, शाळेची फी चालू, आणि ज्याच्या हातावर दुकान चालतं तो माणूस पलंगावर. हे जवळपास दीड लाख रुपये बुडाले आणि हे हॉस्पिटलच्या बिलात कुठेच छापलेलं नसतं, म्हणून मेडिक्लेमला ते दिसतच नाही.

आता बाकीचे कागद काढून बघा. टर्म प्लॅन माणूस गेल्यावर पैसे देतो, रायडर, म्हणजे त्याला जोडून मिळणारं जादा कव्हर, घेतला नसेल तर पाय मोडल्याचं तो काही देत नाही. बँकेतले २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. मोडलेलं हाड जुळलं, माणूस परत चालायला लागला, म्हणजे त्या योजनेच्या हिशोबाने काही झालंच नाही. योजना चांगली आहे, बंद अजिबात करू नका, मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे ठेवत जा कारण तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं, पण तिच्याकडून या चार महिन्यांची अपेक्षा ठेवू नका.

आणि गाडीचे ते १५ लाख. ताई, ते तुमच्या मिस्टरांचे नाहीतच. त्या कव्हरचं नावच मालक-चालक असं आहे, म्हणजे आरसी बुकावर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव आहे त्या माणसाला, तोही त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. गाडी सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे कव्हर सासऱ्यांचं. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच असतं, गाडी वडिलांच्या नाहीतर बायकोच्या नावावर आणि चालवणारा वेगळाच, आणि कागदावर १५ लाख वाचून सगळे निवांत. आज गाडीवरून जाताना मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर ते १५ लाख मिळणार नाहीत, आणि गाडी त्यांच्या नावावर असती तरी शिडीवरून पडल्याचं या कव्हरमधून काही मिळालं नसतं कारण ते फक्त त्या गाडीशी बांधलेलं असतं, आणि चार महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचं कलम तर त्यात नसतंच.

म्हणजे चार कागद घरात आहेत, आणि चार महिने पलंगावर पडलेल्या माणसाच्या कमाईसाठी चारींतून मिळून शून्य रुपये. ही ती फट. ती पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीतल्या एका कलमाने बुजते, आणि गंमत सोडा, वाईट गोष्ट ही की नेमकं तेच कलम पुष्कळदा पॉलिसीत घेतलेलंच नसतं.

पीए पॉलिसीत साधारण चार गोष्टी असतात. अपघाती मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व, आणि तात्पुरतं पूर्ण अपंगत्व ज्याला सगळे टीटीडी म्हणतात. मृत्यूचं काम तुमचा टर्म प्लॅन आधीच करतोय त्यामुळे तुमच्यासाठी बाकीच्या तीन महत्त्वाच्या, आणि त्यातही टीटीडी, कारण हातपाय कायमचे जाण्यापेक्षा हाड मोडून तीन-चार महिने घरी बसणं कितीतरी जास्त घडतं. टीटीडीमध्ये कंपनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम देते, बऱ्याच पॉलिसींत विमा रकमेच्या १ टक्का, जास्तीत जास्त १०० आठवडे. पण इथे दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे वरची मर्यादा, आठवड्याला अमुक हजारांपेक्षा जास्त नाही आणि तुमच्या खऱ्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त नाही. २५ लाखांच्या पॉलिसीला १ टक्का म्हणजे आठवड्याला २५ हजार, पण ते तुम्हाला मिळणार नाहीत. महिन्याला ४० हजार म्हणजे आठवड्याला साधारण ९,२०० होतात, तेवढेच मिळतील, १६ आठवड्यांचे १ लाख ४७ हजारांच्या आसपास. काही पॉलिसींत पहिल्या काही दिवसांचे पैसे कापतात, तेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, सगळ्या कंपन्यांना सारखी विकायला लावलेली 'सरल सुरक्षा बीमा' नावाची पॉलिसी आहे, २०२१ पासून आली, अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत मिळते, भाषा सोपी आहे. पण तिच्यात टीटीडी मूळ पॉलिसीत नाहीये, वेगळं टिक करून घ्यावं लागतं, आणि घेतलं तरी आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के. म्हणजे त्याच २५ लाखांवर आठवड्याला ५ हजार, १६ आठवड्यांचे ८० हजार. काहीच नसण्यापेक्षा खूप बरं, पण एजंटने दोन कोटेशन आणली आणि तुम्ही फक्त हप्ता बघून स्वस्तातलं निवडलं तर फरक इथे पडतो हे माहीत असू द्या.

आता जे सांगतेय ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी इतकी वर्षं क्लेमच्या फायली बघतेय म्हणून जीव तोडून सांगतेय. मिस्टरांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरताय का? आणि भरत असाल तर त्यात कमाई किती दाखवताय? टीटीडीचा क्लेम आला की कंपनी पगारदाराकडे पगारपत्रक आणि रजेचा दाखला मागते आणि दुकानदाराकडे रिटर्न मागते. तुमच्या वहीत ४० हजार आहेत, पण रिटर्नमध्ये वर्षाचे ३ लाख लिहिले असतील तर कंपनीच्या दृष्टीने तुमची कमाई आठवड्याला ५,७७० रुपयेच, आणि १६ आठवड्यांचे हातात येतील ९२ हजार. पंचावन्न हजारांचा फरक. रिटर्नच नसेल तर क्लेम महिनोन्महिने लोंबकळतो. हिशोब तुम्ही बघता ना, मग हे तुमच्याच हातात आहे, यंदापासून खरी कमाई दाखवून रिटर्न भरा. पॉलिसी किती मोठी मिळेल हेही त्यावरच ठरतं, कंपन्या साधारण वर्षाच्या कमाईच्या दहापट वगैरे देतात, कुणी थोडी जास्त.

दुसरं, प्रपोजल फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं जातंय ते सही करायच्या आधी स्वतः वाचा. पीए पॉलिसीचा हप्ता मुख्यतः कामावरून ठरतो, टेबलावर बसून काम करणाऱ्याला सगळ्यात कमी, हाताने आणि यंत्रावर काम करणाऱ्याला जास्त, खाणीत किंवा हाय टेन्शन लाइनवर काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त. एजंट घाईत 'बिझनेस' किंवा 'दुकानदार' लिहून मोकळा होतो, हप्ता कमी बसतो, सगळे खूश. आणि मग क्लेमच्या फायलीत डॉक्टरचा कागद येतो की शिडीवरून पडला, एसी बसवत होता, आणि कंपनी विचारते दुकानदार शिडीवर काय करत होता. म्हणून स्पष्ट लिहा, एसी टेक्निशियन, उंचीवर चढून काम करतो, विजेचं काम करतो. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे.

कायमच्या अपंगत्वाबद्दल एक फाइल सांगते, आजही आठवली की वाईट वाटतं. प्रेस मशीनवर काम करणारा मुलगा, उजव्या हाताची तर्जनी गेली, शेजारचं बोट आखडलं. सरकारी हॉस्पिटलमधून त्याने अपंगत्वाचा दाखला काढला, त्यावर ४० टक्के लिहिलेलं, आणि घरच्यांनी हिशोब केला की १० लाखांच्या पॉलिसीचे ४ लाख मिळणार. मिळाला १ लाख. कारण पॉलिसी दाखल्यावरच्या टक्क्यांवर चालत नाही, तिच्या आत स्वतःचा एक तक्ता असतो, कुठला अवयव गेला तर किती टक्के. जुन्या पद्धतीच्या बहुतेक तक्त्यांत अंगठा पूर्ण गेला तर २५, तर्जनी १०, मधलं बोट ६, एक हात किंवा एक पाय किंवा एक डोळा ५०. आखडलेलं बोट तक्त्यात बसलं नाही कारण ते तुटलं नव्हतं, थोडंफार हलत तरी होतं. काही पॉलिसींत तक्त्याच्या शेवटी एक ओळ असते की वर न लिहिलेल्या इतर कायमच्या अपंगत्वाला डॉक्टर ठरवतील तितके टक्के, त्याच्या पॉलिसीत ती ओळ नव्हती. तुमच्या मिस्टरांचं पोट दोन्ही हातांवर आहे, त्यामुळे पॉलिसी घेताना तो तक्ता मागून घ्या आणि ती शेवटची ओळ शोधा. आणि अवयव 'तुटणे' लिहिलंय की 'वापर कायमचा जाणे' पण धरलंय तेही बघा, मनगटाची नस कापून हात लुळा पडला तर हात जागेवरच असतो पण काम करत नाही.

पूर्ण अपंगत्वाचं कलम म्हणजे दोन्ही पाय, दोन्ही डोळे, किंवा मणक्याला मार लागून माणूस कुठलंच काम करू शकत नाही अशी अवस्था. तिथे पूर्ण रक्कम मिळते आणि तेव्हा २५-३० लाख आकडा मोठा वाटत नाही हो. मेडिक्लेम अशा माणसाचं ऑपरेशन करून देतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. व्हीलचेअर, घरात बदललेला संडास, जिना उतरायला नेमलेला माणूस, आणि बाहेरून लावायचा कृत्रिम पाय, यातलं बहुतेक काही मेडिक्लेममध्ये बसत नाही.

आता जिथे पीए पॉलिसीसुद्धा पैसे देत नाही ती जागा, हे एजंट सांगत नाहीत म्हणून मी सांगते. अपघात म्हणजे अचानक, न ठरवता, बाहेरच्या दिसणाऱ्या कारणाने झालेली इजा. लकवा मारला, हार्ट अटॅक आला, किडनी गेली, यातून माणूस कायमचा घरी बसला तरी तो अपघात नाही, पीएमधून एक रुपया नाही. त्यासाठी क्रिटिकल इलनेस कव्हर असतं, यादीतला आजार निघाला की एकरकमी पैसे, बिल कितीही असो. त्याच्याही अटी कडक आहेत, सुरुवातीचे साधारण ९० दिवस काही नाही, लकव्यात तर तीन महिन्यांनंतरही अपंगत्व टिकलेलं दिसावं लागतं. मिस्टरांचं वय चाळीसच्या आसपास असेल आणि घरात बीपी-शुगर असेल तर पीए झाल्यावर पुढच्या वर्षी याचा विचार करा, दोन्ही एकदम घेऊन हप्ता जड करू नका. आणि एक दुखणं असं आहे की ते कशातच बसत नाही, कंप्रेसर उचलून उचलून कंबर धरते, मणक्याची चकती सरकते, डॉक्टर दोन महिने झोपून राहा म्हणतात. हळूहळू झालेली झीज म्हणून पीए नाही म्हणते, क्रिटिकलच्या यादीत ते नाही, आणि अॅडमिट झाले नाहीत तर मेडिक्लेमही नाही. त्याला फक्त बँकेत बाजूला ठेवलेले तीन-चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे. कुठलीही पॉलिसी ती जागा भरत नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. मिस्टरांच्या नावाने २५ ते ३० लाखांची पीए, टीटीडी घालूनच, दोन कोटेशनमध्ये टीटीडीचा आठवड्याचा आकडा आणि वरची मर्यादा पहिल्यांदा बघायची, हप्ता नंतर. अपघाती हॉस्पिटल खर्चाचं अॅड-ऑन एजंट सुचवतील, मेडिक्लेम असताना ते सोडलं तरी चालेल, मात्र हाड मोडल्यावर ठरावीक रक्कम देणारं अॅड-ऑन थोडक्यात मिळत असेल तर घ्या, कारण मनगटाला नुसतं प्लास्टर घालून घरी पाठवलं तर ती ओपीडी झाली आणि मेडिक्लेम सहसा त्याचं देत नाही. तुमच्या स्वतःच्या नावाने २० रुपयांची योजना नसेल तर उद्याच बँकेत जाऊन घ्या. पीएमध्ये तुम्हालाही घेता येईल, पण तुमची कमाई कागदावर नाही म्हणून रक्कम मिस्टरांच्या काही टक्केच मिळेल आणि टीटीडी मिळणार नाही. खरं म्हणजे दुकानाचा हिशोब तुम्ही बघता हे कामच आहे, सीएला विचारून त्याचा पगार कागदावर आणता आला तर बघा.

गाडी मिस्टरांच्या नावावर करून घ्यायची असेल तर आरटीओत करून घ्या, आणि एक सोय लक्षात ठेवा, मालकाकडे मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही धरणारी किमान १५ लाखांची वेगळी पीए पॉलिसी असली की गाडीच्या विम्यात ते मालक-चालक कव्हर पुन्हा घ्यावं लागत नाही, तेवढा हप्ता वाचतो. ही वेगळी पॉलिसी शिडीवर, रस्त्यावर, घरात, दुसऱ्याच्या गाडीवर, सगळीकडे चालते. लायसन्सशिवाय किंवा दारू पिऊन गाडी चालवली तर मात्र कुठलीच चालत नाही.

आणि देव न करो पण तशी वेळ आलीच तर पहिल्या तासातली एक गोष्ट. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात काय झालं, आणि जो कोणी सोबत असतो तो घाबरून काहीही सांगतो. "चक्कर आली असेल, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पडले." हे वाक्य केसपेपरवर जातं, तिथून डिस्चार्ज कार्डवर, आणि सहा आठवड्यांनी कंपनी म्हणते की चक्कर हा आजार आहे, पडणं त्यामुळे झालं, म्हणून अपघात नाही. खरंच चक्कर आली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, उपचार त्यावर ठरतात. पण अंदाजाने बोलू नका. शिडीचा पाय घसरला, हे सोबतच्या पोराने डोळ्यांनी पाहिलं असेल तर तेच सांगायचं, शिडीचा पाय घसरला. दुकानातल्या त्या पोरालाही हे सांगून ठेवा, कारण त्या वेळी सोबत तुम्ही नसणार, तोच असणार. मग हॉस्पिटलला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद करायला सांगा, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांत एफआयआर आणि पंचनामा, आणि कंपनीला लगेच कळवून क्लेम नंबर घ्या.

नंतर दर तपासणीला डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं की अजून काम करू शकत नाहीत, तारखेसकट. टीटीडीमधला 'पूर्ण' हा शब्द कंपनी फार घट्ट धरते. आठव्या आठवड्याला डॉक्टरांनी सहज लिहिलं की हलकं काम चालेल, तर त्या तारखेला पैसे थांबू शकतात, मग मिस्टर अजून शिडी चढू शकत नसले तरी. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की यांचं काम उंचीवर चढायचं आणि वजन उचलायचं आहे, ते धरून दाखला द्या. आणि पॉलिसी निवडतानाच वाचा, 'नेहमीचं काम करू शकत नाही' लिहिलंय की 'कुठलंही काम करू शकत नाही'. दोन कोटेशनमध्ये हप्ता सारखा असेल तर पहिलं वाक्य असलेली घ्या. क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहेत, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या उत्तरानंतर वर्षभरात अर्ज करावा लागतो.

कोटेशन आली की टीटीडीचं पान आणि तो तक्ता, दोन्हीचे फोटो पाठवा, मी बघून सांगते.